आकड्याखालची ओळ

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातल्या शून्य ते सहा वर्षांच्या मुलामुलींची मोजणी झाली, तेव्हा दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २००१ मध्ये, हा आकडा ८९४ होता. ज्याला या विषयाची थोडीफार जाण आहे त्याच्या अंगावर काटा यावा अशी ही घसरण आहे. पण असा आकडा एखाद्या बैठकीत पडद्यावर येतो तो बहुतेक वेळा जिल्हावार तक्त्यातून. डावीकडे जिल्ह्यांची नावं, उजवीकडे चार-पाच रकाने, त्यात २००१, २०११, फरक, ग्रामीण, शहरी. बोलणारा म्हणतो, ‘बीडची परिस्थिती बघा,’ आणि मागच्या रांगेतली माणसं बीडची ओळ शोधेपर्यंत पुढची स्लाइड आलेली असते.

अशा वेळी एका स्लाइडवर एकच आकडा, पडदा व्यापेल एवढा मोठा, आणि त्याच्याखाली तो समजायला लागणारा मजकूर, ही रचना फार उपयोगी पडते. सादरीकरणाच्या प्रोग्राममध्ये तिचा साचा तयारच असतो. गूगलच्या स्लाइड्समध्ये तो `Big number` या नावानं सापडतो, ॲपलच्या कीनोटमध्ये `Big Fact` या नावानं. साचा उघडायचा, आकडा टाकायचा, खाली एक वाक्य लिहायचं. वरवर पाहता दोन मिनिटांचं काम. पण खरी मेहनत आकडा मोठा करण्यात नसते. कोणता आकडा मोठा करायचा आणि त्याखाली काय लिहायचं, हे ठरवताना भले भले चुकतात. बीडच्या याच आकड्यावर ते करून पाहू.

पहिला मोह टक्केवारीचा. साच्यातच आकड्याच्या जागी `xx%` असं लिहिलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. मग कुणी ८०७ चे ८०.७ टक्के करतं. पण कशाचे टक्के? ऐकणाऱ्याला वाटतं, ऐंशी टक्के मुली जगतात, किंवा ऐंशी टक्के शाळेत जातात. मुलग्यांच्या संख्येच्या तुलनेत मुलींची संख्या ८०.७ टक्के, हे तिसऱ्यांदा समजावून सांगावं लागतं, आणि जे समजावून सांगावं लागतं ते मोठ्या अक्षरात लिहून उपयोग नाही. दुसरं कुणी अधिक काटेकोर हिशोब करतं: १,००० मुलगे आणि ८०७ मुली मिळून १,८०७ मुलं, त्यांत मुलींचा वाटा ४४.७ टक्के. हिशोब अगदी बरोबर आहे. पण पडद्यावर ४४.७ टक्के पाहिल्यावर माणूस त्याची तुलना मनातल्या मनात पन्नासशी करतो आणि म्हणतो, थोडंसंच कमी आहे की. तीच वस्तुस्थिती, तेवढीच खरी. पण या रूपात ती निसटून जाते.

दुसरा मोह याच्या उलट दिशेचा. हजारातून ८०७ वजा केले की १९३ उरतात. ‘हजारामागे १९३ मुली हरवल्या’ असं मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं की सभागृह हादरतं यात शंका नाही. मात्र हे विधान चुकीचं आहे. निसर्गतःच मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, साधारण शंभर मुलींमागे १०५ मुलगे. म्हणजे गर्भलिंगनिदान, गर्भपात, मुलींची हेळसांड यांतलं काहीही नसलं तरी हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली असतील, हजार नव्हे. तूट मोजायची तर ती ९५० पासून मोजायला हवी. ती १४० ते १४५ च्या आसपास येते. हीसुद्धा भयंकरच आहे. पण तुम्ही १९३ लिहिलंत आणि प्रेक्षकांत एखादा लोकसंख्याशास्त्राचा विद्यार्थी किंवा जाणता वैद्यकीय अधिकारी बसलेला असला, तर तो उठून हे सांगेल आणि पुढची चर्चा मुलींवर न होता तुमच्या आकड्यावर होईल. जितका आकडा मोठा, तितकी त्यातली चूक मोठी दिसते.

तिसरा पर्याय ८७ चा: ८९४ वरून ८०७, दहा वर्षांत ८७ ची घट. हा आकडा खरा आहे आणि विषयाचा गाभाही त्यात आहे. अडचण एवढीच की तो एकटा उभा राहू शकत नाही. ८७ वाचल्यावर ‘कशातून?’ हा प्रश्न येतो, आणि उत्तरासाठी दोन्ही मूळ आकडे पुन्हा खाली द्यावे लागतात. मग खालच्या ओळीत वरच्या आकड्यापेक्षा जास्त ऐवज जमा होतो.

म्हणून माझं मत असं की मोठा करायचा तो ८०७ च. आणि तो ठरवण्याची माझी रीत आकड्यापासून सुरू होत नाही, खालच्या ओळीपासून सुरू होते. आधी एक साधं मराठी वाक्य लिहायचं, जे आपण घरी जेवताना कुणाला सांगू: ‘बीडमध्ये हजार मुलग्यांमागे आठशे सातच मुली होत्या.’ या वाक्यातून आकडा उचलून वर न्यायचा. उरलेलं वाक्य तसंच्या तसं त्याच्याखाली बसलं पाहिजे. बसत नसेल, ते फिरवावं लागत असेल, त्यात ‘च्या तुलनेतील’ आणि ‘अनुषंगाने’ घालावं लागत असेल, तर आकडा चुकीच्या रूपात निवडला आहे असं समजावं. वरची टक्केवारी या कसोटीवर लगेच नापास होते, कारण ‘बीडमध्ये मुलींचं मुलग्यांशी प्रमाण ८०.७ टक्के होतं’ असं जेवताना कुणी बोलत नाही.

आता खाली काय काय हवं? पाहणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न येतात आणि ते ठरावीक क्रमानं येतात. हे कशाचं? किती पैकी? आणि हे जास्त की कमी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्याला चिकटूनच हवीत. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे तुलना. ती नसेल तर ८०७ हा निव्वळ एक आकडा राहतो. ज्याला विषय आधीच माहीत आहे त्यालाच तो बोलतो. बीडच्या बाबतीत तुलनेला तीन आकडे हाताशी आहेत: याच जिल्ह्याचा २००१ चा ८९४, निसर्गतः अपेक्षित असलेला सुमारे ९५०, आणि २०११ चा संपूर्ण महाराष्ट्राचा आकडा, जो योगायोगानं ८९४ च आहे. हा योगायोग धोक्याचा आहे. दोन्ही ८९४ एकाच स्लाइडवर दिले तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडणार, छपाईची चूक झाली असं वाटणार. राज्याशी तुलना इथे सरळ गाळावी. तशीही ती फारशी कामाची नाही, कारण २००१ ते २०११ या काळात राज्याचा आकडाही ९१३ वरून घसरलेला आहे. घसरणाऱ्या गोष्टीशी तुलना केली की आपली घसरण कमी भासते. काळाची तुलना ठेवावी आणि निसर्गाची ठेवावी. शेवटी स्लाइड अशी होते:

८०७
दर १,००० मुलग्यांमागे मुली, वय ० ते ६
२००१ मध्ये ८९४ होत्या. निसर्गतः सुमारे ९५० असतात
बीड जिल्हा, जनगणना २०११, अंतिम आकडेवारी

एवढंच. यात आलेख नाही, बाहुली नाही, कोपऱ्यात रडणाऱ्या बाळाचं चित्र नाही. चित्र घालण्याची इच्छा होते, पण अशा विषयात चित्र भावना आधीच ठरवून टाकतं आणि आकडा वाचायचा राहून जातो.

शेवटच्या ओळीतल्या ‘अंतिम’ या शब्दाला कारण आहे. जनगणनेचे आकडे आधी तात्पुरते जाहीर होतात आणि छाननीनंतर अंतिम. २०११ ला बीडचा तात्पुरता आकडा ८०१ होता, अंतिम ८०७ झाला. राज्याचा तात्पुरता ८८३ होता, तो ८९४ झाला. तात्पुरता आकडा आधी छापून येतो, गाजतो, आणि नंतरची दुरुस्ती मागे पडते. म्हणून जुन्या कात्रणातून आकडा उचलला की ८०१ हाती येण्याची शक्यता मोठी. एकाच संस्थेच्या दोन सादरीकरणांत दोन वेगवेगळे आकडे दिसले की ऐकणारा दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. तसंच ‘वय ० ते ६’ हे शब्दही शोभेचे नाहीत. जन्मावेळचं लिंगगुणोत्तर ही वेगळी मोजणी आहे. त्यात फक्त त्या वर्षी नोंदवलेले जन्म येतात. जनगणनेच्या आकड्यात जन्मही येतो आणि पहिल्या सहा वर्षांत मूल जगलं की नाही तेही येतं. रुग्णालयांतल्या जन्मनोंदींवरून काढलेला पुढच्या एखाद्या वर्षाचा आकडा ८०७ च्या शेजारी मांडून ‘बघा, सुधारणा झाली’ म्हणणं, म्हणजे दोन निराळ्या गोष्टींची वजाबाकी करणं होय.

आता हे पडद्यावर मांडायचं कसं ते पाहू. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड साडेसात इंच उंच असते. फॉन्टच्या मापात एका इंचाचे ७२ पॉइंट, म्हणजे सगळी उंची ५४० पॉइंट. अंकाची दिसणारी उंची फॉन्टच्या मापाच्या साधारण दोन-तृतीयांश भरते. २४० पॉइंटचा ठळक आकडा घेतला तर तो १६० पॉइंटच्या आसपास दिसतो, स्लाइडच्या उंचीचा तिसरा हिस्सा. तेवढा हवा. त्याखालची ओळ ४० पॉइंटची, तुलनेची ओळ २८ ची, आणि ठिकाण-वर्षाची ओळ १८ ते २० ची. नेहमी होणारी चूक म्हणजे आकडा ८० आणि मजकूर ४० पॉइंट ठेवणं. मग तो मोठा आकडा राहत नाही, मथळा होतो, आणि डोळा आधी कुठे जावा हे ठरत नाही. आकडा आणि त्याखालची ओळ यांत निदान पाच-सहा पटींचा फरक असू द्या.

देवनागरीत इथे एक अडचण हमखास येते. आपल्या फॉन्टमध्ये वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार मावावेत म्हणून प्रत्येक ओळीच्या वर-खाली भरपूर जागा राखलेली असते. अंकांना ना वेलांटी ना उकार, पण जागा मात्र तेवढीच राहते, आणि २४० पॉइंटला ती जागा मोठी पोकळी होऊन बसते. आकडा आणि त्याचं वाक्य एकाच चौकटीत लिहिलं तर दोघांची फारकत झाल्यासारखी दिसते. उपाय सोपा आहे: आकडा वेगळ्या चौकटीत ठेवायचा, वाक्य वेगळ्या चौकटीत, आणि वाक्याची चौकट ओढून आकड्याच्या पायाशी आणायची. आकडा आणि पहिली ओळ यांतलं अंतर हे पहिली आणि दुसरी ओळ यांतल्या अंतरापेक्षा कमी दिसलं पाहिजे. जे जवळ आहे ते एकत्र वाचलं जातं.

अंक देवनागरी घ्यावेत की इंग्रजी, यावर वाद घालणारे भेटतात. ऐकणारे मराठी असतील तर मी देवनागरी घेते. मात्र काहीही घेतलं तरी एका स्लाइडवर एकच पद्धत हवी. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांत लांबून फारसा फरक दिसत नाही, आणि वर ८०७ देवनागरीत व खाली वर्ष इंग्रजीत असलं की मागच्या रांगेतला माणूस अडखळतो. दुसरी गोष्ट फॉन्टची. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत अजून युनिकोडपूर्व फॉन्ट वापरतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे अंक बदलतात आणि मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं उमटतात. तक्त्यात असं झालं तर एखाद वेळी खपून जातं. सगळी स्लाइडच एका आकड्यावर उभी असेल तर काहीच उरत नाही. युनिकोड फॉन्ट वापरावा. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्त हा फॉन्ट विनामूल्य मिळतो, त्याची ठळक वळणं लांबून स्वच्छ वाचता येतात. आणि कार्यक्रमाला जाताना सादरीकरणाची पीडीएफ प्रत सोबत ठेवावी.

रंगाबद्दल थोडक्यात. जिल्हा परिषदेचं सभागृह असो की शाळेचा हॉल, खिडक्या पूर्ण बंद होत नाहीत आणि प्रोजेक्टर जुना असतो. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. तिथे तो फक्त प्रकाश टाकत नाही, आणि उजेडाच्या खोलीत तो काळा भाग राखाडी दिसतो. म्हणून अशा जागी पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद अंक घ्यावेत. गडद पार्श्वभूमीवरचं लाल अक्षर संगणकावर कितीही देखणं दिसो, तिथे ते विझून जातं.

बरेच जण आकडा आधी एकटा दाखवतात, थोडं थांबतात आणि मग कळ दाबून मजकूर आणतात. परिणाम साधतो हे खरं, पण आता प्रत्येक सभागृहात मोबाइल वर झालेले असतात. पहिल्याच क्षणी काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत दहा व्हॉट्सॲप गटांत पोचतो आणि त्यात असतं नुसतं ८०७. कुठलं, कधीचं, कशाचं, काहीच नाही. म्हणून आकड्यासोबत त्याखालची ओळ आणि ठिकाण-वर्ष पहिल्यापासून पडद्यावर असू द्यावं. फक्त तुलनेची ओळ मागाहून आणावी. थांबायचं असेल तर तिथे थांबावं: ८०७ वाचून झालं, सभागृह शांत आहे, मग ‘२००१ मध्ये ८९४ होत्या.’

हेच ग्रामसभेत सांगायचं असेल तर मी आकडा बदलते. तिथे हजार हा आधार लांबचा वाटतो. शंभर मुलग्यांमागे ८१ मुली, दहा वर्षांपूर्वी ८९, निसर्गतः ९५. दोन अंकी आकडे एका दमात ऐकले जातात आणि घरी जाऊन सांगताही येतात. याहून खाली मात्र उतरू नये. ‘दहा मुलग्यांमागे आठ मुली’ हे कानाला आणखी सोपं आहे, पण त्या मापात २००१ चा आकडा नऊ होतो, निसर्गतः असणारा साडेनऊ, आणि एवढ्या मोठ्या घसरणीची एका मुलीची घट होऊन बसते.

ग्रामसभेत आणखी एक इच्छा होते, ती आपल्याच गावाचा आकडा मोठा करून दाखवण्याची. समजा, गावात सहा वर्षांखालची चाळीस मुलं आहेत, २२ मुलगे आणि १८ मुली. गुणोत्तर निघतं ८१८. पडद्यावर ८१८ आलं की गाव बीडच्या पंगतीला बसलं असं वाटतं. पण त्या चाळिसांत एक मुलगा कमी आणि एक मुलगी जास्त असती, २१ आणि १९, तर गुणोत्तर ९०५ झालं असतं. एका बाळानं जे ऐंशीहून जास्त हलतं, त्यावरून गावाच्या वागणुकीबद्दल काही म्हणता येत नाही. लहान गावासाठी गुणोत्तराची स्लाइड करूच नये. जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा आकडा दाखवावा आणि गावाबद्दल तोंडी बोलावं. उद्या त्याच गावात २१ मुली आणि १९ मुलगे झाले तर गुणोत्तर हजारावर जाईल. मग कुणी सत्कार मागेल, आणि तोही तितकाच बिनबुडाचा असेल.

अशा स्लाइड एका सादरीकरणात किती असाव्यात? एक, फार तर दोन. तिसरा मोठा आकडा आला की पहिला पुसला जातो. जमली की नाही ते तपासायलाही सोपी रीत आहे. विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी स्लाइड पाच सेकंद दाखवावी, बंद करावी, आणि दुसऱ्या दिवशी विचारावं, ‘काल काय पाहिलंस?’ ‘८०७’ एवढंच आठवलं तर खालची ओळ कमी पडली आहे. ‘बीडमध्ये मुली फार कमी आहेत’ एवढंच आठवलं तर आकडा पोचलेला नाही. ‘हजार मुलग्यांमागे आठशे’ असं उत्तर आलं तर काम झालं. वरचे सात विसरले तरी चालेल.

२०२१ ला व्हायची जनगणना कोविडमुळे लांबली, त्यामुळे २०११ चे आकडे आपण अजून वापरत आहोत. पुढच्या जनगणनेचे आकडे येतील तेव्हा आधी तात्पुरते येतील, आणि त्याच दिवशी कुणीतरी तुम्हाला तुमच्या जिल्ह्याची मोठ्या आकड्याची स्लाइड करायला सांगेल. ती जरूर करा. त्यावर ‘तात्पुरती आकडेवारी’ असं लिहा, आणि अंतिम आकडा जाहीर झाला की जुनी फाइल काढून टाका.